पिंजऱ्यात उंदीर सापडतात, तरी माळ्यावरची धावपळ थांबत नाही: लेंड्या, दातांच्या खुणा आणि रात्रीचे आवाज कसे वाचायचे

तक्रार बहुतेक वेळा एकाच शब्दांत येते. पिंजरा लावलाय, दोन-चार दिवसांनी एखादा उंदीर सापडतो, तो लांब सोडून येतो किंवा मारतो, पण रात्री वरती धावपळ चालूच. आठवडाभर शांत वाटतं, मग परत पोतं फाटलेलं दिसतं. औषधाचा केक ठेवला तर तो तसाच पडून राहतो, नाहीतर एका रात्रीत गायब होतो आणि फरक काहीच पडत नाही.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळद आणि बेदाण्याच्या गोदामांवर मी बरीच वर्षं काढली. या तक्रारीमागचं सर्वात नेहमीचं कारण मी तिथेच शिकलो: घरात दोन वेगळे प्राणी असतात आणि आपण एकाचाच बंदोबस्त करत असतो. मराठीत दोघांनाही आपण 'उंदीर'च म्हणतो, त्यामुळे हा घोटाळा लक्षातही येत नाही.

एक असतो छोटा उंदीर. पूर्ण वाढला तरी वजन पंधरा-वीस ग्रॅम, फडताळात, गॅसच्या शेगडीमागे, फ्रिजच्या खाली राहणारा. दुसरा असतो तो मोठा, लांब शेपटीचा, दीडशे-दोनशे ग्रॅमचा, उंचावर राहणं पसंत करणारा. कौलारू घरात आढं, वासे आणि माळा हे त्याचं राज्य. मी त्याला आढ्याचा उंदीर म्हणतो, म्हणजे बोलताना गोंधळ होत नाही. तिसरी घूस. ती जमिनीत बीळ करते, परसात, गोठ्याच्या भिंतीला, बांधाला. घूस सहसा घराच्या वर चढत नाही, म्हणून माळ्यावरच्या आवाजाचा दोष तिला देऊ नका.

गेल्या वर्षी जानेवारीत आत्याचा फोन आला. तिचं घर वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठच्या गावात. मंगलोरी कौलं, खाली स्वयंपाकघर आणि दोन खोल्या, वर लाकडी माळा, माळ्यावर भुईमुगाच्या शेंगांची चार पोती आणि थोडी ज्वारी. घराला लागून उसाचं रान. "अरे, चार महिन्यांत अकरा उंदीर धरले मी. अकरा! तरी काल शेंगांचं पोतं कुरतडलं," ती म्हणाली. मी विचारलं, पकडलेले केवढे होते? "अंगठ्याएवढे." आवाज कुठून येतो? "वरनं. माणूस चालल्यागत." या दोन उत्तरांतच बरंच काही कळलं. अंगठ्याएवढ्या उंदराच्या चालण्याने माणूस जागा होत नाही.

लेंड्या: आकार आधी, आकडा नंतर

मी गेलो तेव्हा पहिलं काम केलं ते लेंड्या गोळा करण्याचं, खालच्या वेगळ्या, वरच्या वेगळ्या. हातमोजे घालून, तोंडाला फडकं बांधून. कोरडा झाडू मारायचा नाही, कारण धूळ उडते आणि ती नाकात जाते. मोजून झालं की एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं मिश्रण शिंपडायचं, दहा मिनिटं मुरू द्यायचं, मग कागदाने पुसून काढायचं. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पसरतात, म्हणून माळ्यावर अनवाणी किंवा पायाला जखम असताना चढू नये.

छोट्या उंदराची लेंडी तीन ते सहा मिलिमीटरची, जिऱ्याच्या दाण्याएवढी किंवा जराशी मोठी, टोकं निमुळती. आढ्याच्या उंदराची बारा मिलिमीटरच्या आसपास, दोन्ही टोकं निमुळती, पुष्कळदा किंचित वाकलेली. घुशीची त्याहून जाड आणि टोकाला बोथट. पट्टीच्या शेजारी ठेवून मोबाइलवर फोटो काढला की वाद उरत नाही.

इथे एक फसगत नेहमी होते. मोठ्या उंदराची पिल्लंही सुरुवातीला लहान लेंड्या टाकतात. त्यामुळे एक छोटी लेंडी दिसली म्हणून छोटा उंदीर ठरवू नका. वीस-तीस लेंड्या कागदावर ओळीत मांडा आणि त्यांचे आकार पाहा. सगळ्या चार-पाच मिलिमीटरच्या, एकसारख्या असतील तर छोटे उंदीर. पाच, सात, नऊ, बारा अशा सगळ्या मापाच्या मिसळलेल्या असतील, तर तिथे मोठ्या उंदराचं कुटुंब आहे आणि पिल्लं खायला बाहेर पडायला लागली आहेत. हा फरक कळणं फार मोलाचं आहे, कारण पिल्लं दिसली म्हणजे घरातच वीण चालू आहे, बाहेरून आलेला एखाददुसरा पाहुणा नाही. दोन्ही जातींत गर्भ वाढायला जेमतेम तीन आठवडे लागतात.

आत्याच्या फडताळात सगळ्या चार-पाच मिलिमीटरच्या निघाल्या, विखुरलेल्या, डब्यांच्या मागे, खणांच्या कोपऱ्यांत. माळ्यावर बारा मिलिमीटरच्या वाकलेल्या, आणि त्यांत सात-आठच्याही. म्हणजे दोघंही होते, आणि वरचे पिल्लावळीसकट.

काही लेंड्या उंदराच्या नसतातच. पालीच्या लेंडीच्या एका टोकाला पांढरा ठिपका असतो, तो दिसला की विषय संपला. वटवाघळाची लेंडी चिमटीत कुस्करली की चुरा होतो आणि त्यात किड्यांचे चकचकीत तुकडे दिसतात. उंदराची वाळलेली लेंडी टणक असते, तिचा असा चुरा होत नाही. चिचुंद्रीच्या विष्ठेतही किड्यांचे अवशेष असतात आणि तिच्याभोवती तो ओळखीचा उग्र वास असतो. चिचुंद्री उंदरासारखी लाकूड-प्लास्टिक कुरतडत नाही, किडे खाते. त्यामुळे रात्री चिकचिक आवाज आहे, वास आहे, पण कुरतडल्याची एकही खूण नाही, असं असेल तर ती चिचुंद्री आणि तिच्यासाठी औषध घालायची गरज नाही.

ताजी की जुनी हे चकाकीवरून ओळखायला सगळे सांगतात. ताजी लेंडी ओलसर, मऊ, गडद असते. काही दिवसांत वाळते, राखाडी होते. उन्हाळ्यात हे चालतं. पावसाळ्यात मात्र साताऱ्याच्या पश्चिमेकडच्या ओल्या हवेत किंवा कोयनाकाठी जुनी लेंडीसुद्धा मऊ पडते, तिच्यावर पांढरी बुरशी येते, आणि माणूस जुन्याला ताजं समजतो. म्हणून मी चकाकीवर विसंबत नाही. एक पट्टा पूर्ण साफ करायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाहायचं. जे दिसेल ते ताजं, बाकी प्रश्नच नाही.

दातांच्या खुणा

वरचे पुढचे दोन दात जी जोडखाच पाडतात तिची रुंदी मोजायची. छोट्या उंदराची जोडखाच दीड ते दोन मिलिमीटर, मोठ्याची तीन ते चार. लाकडावर ती मोजणं अवघड जातं, कारण रेषा एकमेकींवर पडतात आणि धागे निघतात. यावर सोपा उपाय म्हणजे साबणाची वडी किंवा मेणबत्तीचा तुकडा. रात्री त्यांच्या वाटेवर ठेवायचा, सकाळी त्यावर दातांचे ठसे असे स्वच्छ उमटलेले असतात की स्टीलची पट्टी लावून सहज मोजता येतात.

कुरतडल्याची जागाही बोलते. छोटा उंदीर कडा बारीक बारीक चावतो, भोक पेन्सिल जाईल एवढं किंवा जरा मोठं, त्याखाली पिठासारखा भुगा. मोठा उंदीर ठळक घास घेतो, भोक दोन बोटं जातील एवढं किंवा त्याहून मोठं आणि खाली जाड कपचे. धान्यावर तर हा फरक आणखी स्पष्ट. छोटा उंदीर दाणा हातात धरून कोरतो, अर्धवट टाकतो, दुसऱ्या जागी जातो; पोत्याजवळ बारीक चुरा आणि कोरलेले दाणे राहतात. तो रात्रभरात वीस-तीस जागी चिमूटभर खातो. मोठा मात्र एक-दोन जागी बसून पोट भरून खातो. आत्याच्या माळ्यावर शेंगांच्या टरफलांचा एकच ढीग होता, एका तुळईच्या खाचेत. ती त्यांची बैठक होती. खाली फडताळात मात्र रव्याची पिशवी, डाळीची पिशवी, साखरेची पिशवी, सगळ्यांना एक-एक बारीक भोक.

ताजं कुरतडलेलं लाकूड फिकट असतं, कडा हाताला टोचतात. जुनं झालं की रंग गडद होतो, कडा गुळगुळीत होतात. पाहणीला सुरुवात केली की भोकाच्या कडेला खडूची रेघ मारून ठेवा. दोन दिवसांत कड रेघेच्या पलीकडे गेली तर काम चालू आहे.

वाशांवरचे काळे तेलकट डागही इथेच पाहून घ्यावेत. मोठ्या उंदराचं अंग एकाच वाटेवर रोज घासून असे डाग पडतात. वासा जिथे तुळईवर टेकतो, तिथे तो खालून वळसा घालून जातो, म्हणून डाग अर्धवर्तुळाकार दिसतो. आत्याच्या घरी मागच्या बाजूच्या एकाच वाशावर असा डाग होता, आणि त्या वाशाच्या टोकाला बाहेरून आंब्याची फांदी कौलाला टेकलेली होती. हाच रस्ता. कौलं उचकटून पाहिली तर एक फुटलेलं, तीन बोटं जातील एवढी फट.

रात्रीचे आवाज: काय कळतं आणि काय कळत नाही

संध्याकाळी सात वाजता घरातले सगळे दिवे बंद करून, टीव्ही बंद करून आम्ही अंधारात बसलो. जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो. सातनंतर थोड्याच वेळात वर पहिली धप झाली. मोठा उंदीर वाशावरून माळ्यावर उडी टाकतो तेव्हा असा एक जड आवाज येतो, मग सलग धाव, मग शेंगांच्या पोत्यातली खसखस. छोटा उंदीर असा धपकन पडत नाही. त्याचं ऐकू येतं ते भिंतीतलं किंवा डब्यामागचं बारीक खरवडणं, नखाने कागद खाजवल्यासारखं, आणि प्लास्टिकच्या पिशवीचं चुरचुरणं. साडेआठच्या सुमारास फडताळातून तेच सुरू झालं.

घुशीचं वेगळं. जमिनीलगत माती उकरल्याचा घसघस आवाज, आणि कोंडीत सापडली तर रागाने फुसफुसणं. चिचुंद्रीचं ते वर सांगितलेलं चिकचिक, भिंतीच्या कडेने सरकत जाणारं. कौलांखालून अगदी बारीक, एकसारखी चिवचिव येत असेल तर तिथे घरटं आणि लहान पिल्लं आहेत असं धरा. जागा खुणेने नोंदवून ठेवा.

आवाजावरून संख्या ठरवण्याची चूक मात्र करू नका. पोकळ माळा ढोलासारखा असतो. एकच मोठा उंदीर तीन जणांसारखा वाजतो. खात्रीचं एवढंच सांगता येतं: एकाच क्षणी दोन टोकांना आवाज आला तर कमीत कमी दोन. आम्ही त्या संध्याकाळी एका वेळी तीन ठिकाणी ऐकले. म्हणजे तीन किंवा जास्त, बस.

दोन वेळा महत्त्वाच्या. अंधार पडल्यावरचा पहिला दीड-दोन तास आणि पहाट. मधल्या वेळी ऐकलं नाही तर नाहीत असं समजू नका. आणि दिवसाढवळ्या उंदीर समोर फिरताना दिसला, तर ते चांगलं लक्षण नाही. एकतर रात्रीची जागा पुरत नाही इतकी गर्दी झालीय, किंवा तो उपाशी किंवा औषध खाऊन आजारी आहे.

किती आहेत ते ठरवणं

आत्याला फडताळ साफ केल्यावर पहिल्या चोवीस तासांत नव्वद लेंड्या सापडल्या. "पन्नास तरी उंदीर असणार बघ," ती हबकून म्हणाली. मी तिला हिशेब सांगितला. एक छोटा उंदीर दिवसाला पन्नास ते ऐंशी लेंड्या टाकतो. म्हणजे नव्वद लेंड्या दोन उंदरांच्याही असू शकतात. दुसरीकडे, सगळ्या लेंड्या आपल्याला कधीच सापडत नाहीत. भिंतीत, फ्रिजच्या मोटरखाली किती पडल्या कोण मोजणार. म्हणून लेंड्यांचा आकडा एका गोष्टीसाठी वापरायचा: काल किती, आज किती, म्हणजे कमी होतंय की वाढतंय. डोकी मोजायला तो निरुपयोगी आहे.

डोकी मोजायची ती खाण्यावरून. गोदामात आम्ही हेच करायचो. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. आधी उघडं धान्य सगळं बंद करायचं. आत्याच्या शेंगा आणि ज्वारी आम्ही पत्र्याच्या कोठीत आणि झाकणाच्या पिंपांत भरल्या. हे केल्याशिवाय मोजणीला अर्थ नाही, कारण ते आपल्या ताटलीकडे फिरकणारच नाहीत. मग माळ्यावर चार ताटल्यांत प्रत्येकी पन्नास ग्रॅम भाजलेले दाणे ठेवले, आणि खाली फडताळात व आसपास सहा झाकणांत दहा-दहा ग्रॅम. एक ताटली जाळीच्या बंद टोपलीखाली, जिथे उंदीर पोहोचत नाही. दाणे हवेतली ओल घेतात किंवा वाळतात. त्या बंद ताटलीच्या वजनात जो फरक पडेल तेवढा बाकीच्यांतून वजा करायचा. मुंग्या येऊ नयेत म्हणून ताटल्यांभोवती खडूची लक्ष्मणरेषा.

माळ्यावर पहिल्या रात्री फक्त बारा ग्रॅम गेलं. दुसऱ्या रात्री तीस. तिसऱ्या रात्री एकसष्ट, मग चौऱ्याहत्तर, मग बहात्तर. पहिल्या दोन आकड्यांवरून कोणी हिशेब केला असता तर म्हणाला असता, एकच उंदीर आहे. मोठ्या उंदराची ही खोड लक्षात ठेवायला हवी: त्याच्या वाटेवर नवी वस्तू आली की तो काही दिवस तिला टाळतो. म्हणून आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. दोन रात्री सारखाच आला की तो धरायचा. मोठा उंदीर दिवसाला पंधरा ग्रॅमच्या आसपास कोरडं खातो. बहात्तर भागिले पंधरा, म्हणजे पाच. पिल्लं कमी खातात, तेव्हा पाच ते सात धरून चाललो.

खाली पहिल्या रात्रीपासूनच नऊ, अकरा, दहा ग्रॅम. छोटा उंदीर नव्या वस्तूला घाबरत नाही, उलट लगेच येऊन हुंगतो. तो दिवसाला तीन ग्रॅमच्या आसपास खातो. म्हणजे तीन-चार उंदीर. पन्नास नाहीत.

आता चार महिन्यांचं कोडं उलगडलं. पिंजरा स्वयंपाकघरात होता. छोटे उंदीर कुतूहलाने त्यात शिरत होते, अकरा सापडले, पण मागे राहिलेले वीत होते. वरच्या मोठ्यांना खाली यायचं कारणच नव्हतं. शेंगा उशाला, येण्या-जाण्याचा रस्ता फांदीवरून. एकदा आत्याने पिंजरा वर नेऊन ठेवला होता, पण दोनच रात्री. "वर सापडत नाहीत" म्हणून परत खाली आणला.

रांगोळीचा उपयोग मी मोजणीपेक्षा वाट शोधायला करतो. बारीक चाळलेली पांढरी रांगोळी फरशीच्या तुकड्यावर पातळ पसरायची, कागदाच्या कडेने सारखी करायची. गव्हाचं पीठ वापरू नका, ते खाऊन टाकतात. सकाळी टॉर्च आडवी धरून पाहायचं. सरळ वरून प्रकाश टाकला तर ठसा दिसत नाही. मागच्या पायाला पाच बोटं, पुढच्याला चार. मोठ्या उंदराचा मागचा पाय तीन सेंटिमीटरच्या आसपास, छोट्याचा दोनच्या आत. धावताना टाच टेकत नाही, म्हणून ठसा आखूड उमटू शकतो. सर्वात मोठा ठसा धरायचा, सरासरी नाही.

परसातल्या घुशीसाठी पद्धत आणखी सोपी, शेतकऱ्यांना माहीत आहेच. बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग दिसतो. संध्याकाळी सगळी बिळं मातीने बुजवायची, सकाळी किती उघडली ते मोजायचं. आत्याच्या गोठ्यामागे नऊ बिळं बुजवली, दोन उघडली. उघडलेली तेवढी वापरातली. एक घूस अनेक तोंडं वापरते, म्हणून दोन बिळं म्हणजे दोन घुशीच असं नाही. ऊसतोड झाली की रानातल्या घुशी आणि उंदरांचा आसरा जातो आणि ते बांधाकडे, गोठ्याकडे, घराकडे सरकतात. आत्याकडे दरवर्षी जानेवारीतच तक्रार वाढते, त्याचं कारण हे.

मग काय केलं

माळ्यावर बारा चाप आणले. एक-दोन चापांनी पाच-सात उंदीर आवरत नाहीत. चार रात्री ते न ताणता, दाणा दोऱ्याने बांधून, त्या काळ्या डागांच्या वाशावर आणि टरफलांच्या ढिगाजवळ ठेवले, ताटल्या काढून घेतल्या. ते निर्धास्त खायला लागल्यावर पाचव्या रात्री सगळे एकदम ताणले. त्या रात्री चार सापडले, त्यांत दोन अर्धवट वाढीचे. पुढच्या आठवड्यात आणखी दोन. एकूण सहा, अंदाज पाच ते सातचा होता. खाली लहान चाप, भिंतीला काटकोनात, तीन रात्रीत चार सापडले.

औषध मी मुद्दाम टाळलं. कौलाखाली मेलेला उंदीर सापडत नाही आणि आठवडाभर वास मारतो. शिवाय झिंक फॉस्फाइडसारखं झपाट्याने काम करणारं औषध थोडं खाऊन वाचलेला मोठा उंदीर पुन्हा त्या चवीला तोंड लावत नाही. आत्याच्या घरीही औषधाचा केक तसाच पडून राहिला होता, त्यामागे असंच काही असू शकतं. त्याच्या शेजारी शेंगांची चार पोती उघडी होती, हेही आहेच.

फांदी कौलापासून चार हात मागे छाटली, फुटलेलं कौल बदललं, वाशांच्या टोकांच्या फटी पत्र्याने आणि सिमेंटने बुजवल्या. स्वयंपाकघरात पेन्सिल शिरेल अशी प्रत्येक फट छोट्या उंदराला पुरते, तेव्हा मोरीच्या पाइपाभोवती आणि दाराखाली काम जास्त निघालं. तिथे स्टीलची घासणी कोंबून वर सिमेंट मारलं. नुसतं सिमेंट ओलं असतानाच ते उकरतात.

शेवटी दोन्ही ठिकाणी ताटल्या परत ठेवल्या आणि सात रात्री वजन केलं. माळ्यावर सातही रात्री शून्य. खाली चौथ्या रात्री दोन ग्रॅम गेले, म्हणजे एक राहिला होता. आणखी दोन रात्री चाप ठेवल्यावर तोही सापडला.

आत्याने माळ्यावर रांगोळीची फरशी तशीच ठेवली आहे, दर रविवारी ती नवीन पसरते. यंदा शेजारचा ऊस पंधरा जानेवारीला तुटला. सतरा तारखेला सकाळी तिने फोटो पाठवला: रांगोळीत एकच ठसा, शेजारी पट्टी, बरोबर तीन सेंटिमीटर. खाली तिचा निरोप होता, "मोठा आहे. छाटलेल्या फांदीला नवी डहाळी आलीय, तिथनंच आला. चाप मांडलेत, अजून ताणले नाहीत."